खाडीतला पूल कोणत्या पायावर?

कोकणातल्या खाडीवर पूल बांधायचा, तर पाइल ठोकून बसवायचे की भोक पाडून जागेवरच ओतायचे? निर्णय होतो तो बोअरच्या नमुन्यांवरून. समजा, वर 12 मीटर मऊ गाळ आणि खाली थेट काळा कातळ लागला. ठोकलेला पाइल गाळातून सरसर उतरेल आणि कातळावर अडेल. पुराने भोवतालचा गाळ वाहून नेला, की त्याला आडवा आधार उरणार नाही. म्हणून इथे पोलादी नळी कातळापर्यंत उतरवून आत खडकात खोबण कोरतात, तळ धुतात, सळयांचा पिंजरा सोडतात आणि पाण्याखाली ट्रेमी पाइपने काँक्रीट भरतात. हा पाइप काँक्रीटमधून वर निसटला, तर मध्ये चिखल शिरतो. म्हणून दर थोड्या वेळाने दोरी टाकून पातळी मोजावीच लागते.

बांगलादेशात पद्मा नदीवर मात्र कातळ आवाक्यातच नाही, नुसती खोल वाळू. तिथे 3 मीटर व्यासाच्या पोलादी नळ्या तिरक्या ठोकल्या.

राहिला प्रश्न यंत्र नेण्याचा. ओहोटीला तराफा गाळात रुतत असेल, तर तात्पुरता मचाण-पूल उभारावा. खर्च वाढतो, पण आपल्या खाडीत मी भोक पाडलेल्या पाइललाच कौल देईन.