मत पडताच वाढणारा स्तंभ

गूगल फॉर्मवर घेतलेल्या मतदानाची उत्तरे गूगल शीटमध्ये आपोआप जमा होतात. त्या उत्तरांचा आलेखही आपोआप बदलता ठेवता येतो आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. गरज असते ती मांडणीची. उत्तरे एका पत्रकात, मोजणी दुसऱ्या पत्रकात आणि आलेख फक्त मोजणीवर, अशी ती मांडणी आहे. यातली एक पायरी गाळली की आलेख पहिल्या काही मतांवरच थांबतो.

उदाहरणासाठी 38 विद्यार्थ्यांचा नववीचा वर्ग घेऊ. सहल कुठे न्यायची हा प्रश्न आहे आणि पर्याय चार आहेत: रायगड, अजिंठा, कास पठार आणि महाबळेश्वर. फॉर्ममध्ये हा प्रश्न Multiple choice प्रकारचा ठेवला, म्हणजे प्रत्येकाला एकच पर्याय निवडता येतो. फॉर्मच्या Responses या भागात Link to Sheets असे बटण असते. ते दाबून नवी शीट तयार केली की तिच्यात Form Responses 1 नावाचे पत्रक दिसते. त्याच्या A स्तंभात उत्तर पाठवल्याची वेळ आणि B स्तंभात निवडलेला पर्याय येतो. प्रत्येक विद्यार्थ्याच्या उत्तराची एक ओळ होते.

बारा उत्तरे आल्यावर याच ओळी निवडून आलेख काढायचा मोह होतो. पण तो आलेख दुसऱ्या ओळीपासून तेराव्या ओळीपर्यंतच पाहतो. चौदाव्या ओळीतले उत्तर त्याच्या कक्षेबाहेर राहते. उत्तरांच्या शेजारीच मोजणीची सूत्रे लिहिली तर वेगळी अडचण येते. फॉर्म प्रत्येक उत्तरासाठी पत्रकात नवी ओळ घालतो, त्यामुळे शेजारी लिहिलेला मजकूर जागचा सरकू शकतो आणि सूत्रांतले ओळींचे क्रमांकही बदलू शकतात. म्हणून उत्तरांचे पत्रक जसे येते तसेच राहू द्यावे. त्यात स्वतःचे काही लिहू नये.

मोजणीसाठी खालच्या अधिकच्या चिन्हावर दाबून नवे पत्रक उघडावे आणि त्याला ‘मोजणी’ नाव द्यावे. A1 मध्ये ‘ठिकाण’ आणि B1 मध्ये ‘मते’ लिहावे. A2 ते A5 मध्ये चार पर्याय लिहावेत. नंतर B2 मध्ये हे सूत्र द्यावे:

```
=COUNTIF('Form Responses 1'!B:B, A2)
```

उत्तरांच्या B स्तंभात A2 मधला शब्द, म्हणजे ‘रायगड’, किती वेळा आला ते हे सूत्र मोजते. अवतरणचिन्हांतले नाव उत्तरांच्या पत्रकाच्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे, म्हणून खालच्या टॅबवर पाहून तेच लिहावे. सूत्र B5 पर्यंत खाली ओढले की A2 च्या जागी A3, A4 आणि A5 आपोआप येतात.

या सूत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग B:B हा आहे. त्याचा अर्थ पूर्ण स्तंभ, त्यात शेवटची ओळ ठरलेली नाही. तेराव्या विद्यार्थ्याचे उत्तर येवो वा अडतिसाव्याचे, ते मोजणीत धरलेच जाते. B2:B असे लिहिणेही सोयीचे वाटते, पण पहिले उत्तर येताना दुसऱ्या जागी नवी ओळ घातली गेली तर ते सूत्र स्वतःहून B3:B होऊ शकते आणि पहिले मत सुटते. पूर्ण स्तंभ घेतल्यास हा धोका नाही. वरच्या ओळीतला प्रश्नाचा मजकूर कोणत्याही पर्यायाशी जुळत नसल्यामुळे तो मोजला जात नाही.

आता मोजणीतला A1 ते B5 हा भाग निवडून Insert आणि मग Chart वर दाबावे. आलेखाचा प्रकार Column chart घ्यावा. आलेखाला नेहमी याच पाच ओळी पाहायच्या आहेत. ओळी वाढत नाहीत, त्यांतले आकडे बदलतात, म्हणून कक्षेचा प्रश्नच उरत नाही. महाबळेश्वरला एकही मत नसले तरी त्याची जागा शून्यासह कायम राहते.

मतदान चालू असताना आलेख वर्गात पडद्यावर दाखवायचा असेल तर उभ्या अक्षाची मर्यादा आधीच ठरवावी. ती ठरवली नाही तर मते वाढतील तसे अक्षाचे प्रमाण बदलते आणि ज्या ठिकाणाची मते तेवढीच आहेत त्याचा स्तंभ एकाएकी बुटका झाल्यासारखा दिसतो. आलेखाच्या Customize भागात Vertical axis खाली Min मध्ये 0 आणि Max मध्ये 20 लिहिले की प्रत्येक मताने स्तंभ सारख्याच उंचीने वाढतो. एखाद्या ठिकाणाला वीसहून जास्त मते मिळू लागली तर Max वाढवावे.

शीट उघडी असेल तर नवे उत्तर आल्यावर आलेख थोड्याच वेळात बदलतो. पान पुन्हा उघडावे लागत नाही. हाच आलेख गूगल स्लाइड्समध्ये जोडून चिकटवला तर मात्र तिथे Update बटण दाबावे लागते. चित्र म्हणून उतरवून घेतलेला आलेख तर कधीच बदलत नाही.

चूक बहुधा आलेखात नसते, शब्दांत असते. मोजणी अक्षरांवर चालते. समजा पाच जणांनी मत दिल्यावर शिक्षकांनी फॉर्ममधला ‘अजिंठा’ हा पर्याय ‘अजिंठा लेणी’ असा बदलला. आधी आलेल्या उत्तरांत ‘अजिंठा’ हाच शब्द राहतो आणि नंतरच्या उत्तरांत ‘अजिंठा लेणी’ येते. मोजणीच्या पत्रकात यांपैकी एकच लिहिलेले असल्याने दुसऱ्या प्रकारची मते गळतात. आलेख तरीही नीटनेटका दिसतो, म्हणून पाहणाऱ्याला संशय येत नाही. ‘इतर’ पर्यायाखाली विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेली नावेही अशीच सुटतात.

ही गळती पकडण्यासाठी मोजणीच्या पत्रकात, आलेखाच्या कक्षेबाहेर, दोन आकडे ठेवावेत. D1 मध्ये मोजलेल्या मतांची बेरीज आणि D2 मध्ये आलेल्या उत्तरांची संख्या:

```
=SUM(B2:B5)
=COUNTA('Form Responses 1'!A:A)-1
```

दुसरे सूत्र वेळेच्या स्तंभातल्या भरलेल्या चौकटी मोजते आणि शीर्षकाची एक वजा करते. वरच्या उदाहरणात पाचांपैकी दोघांनी ‘अजिंठा’ निवडले असेल आणि मोजणीत आता ‘अजिंठा लेणी’ लिहिले असेल, तर सगळ्यांची मते पडल्यावर D1 मध्ये 36 आणि D2 मध्ये 38 दिसेल. उपाय सोपा आहे: उत्तरांच्या पत्रकातल्या त्या दोन जुन्या नोंदी नव्या शब्दाप्रमाणे दुरुस्त कराव्यात. त्याहून चांगले म्हणजे मतदान सुरू झाल्यावर पर्यायांना हात लावू नये.

D2 चा आकडाच 38 च्या वर गेला तर कोणीतरी दोनदा मत दिले आहे किंवा तपासणीसाठी पाठवलेले उत्तर तसेच राहिले आहे. तपासणीची उत्तरे फॉर्ममधून पुसली तरी शीटमधून जात नाहीत; तिथली पूर्ण ओळ वेगळी काढावी लागते. दुबार मत रोखण्यासाठी फॉर्मच्या सेटिंगमध्ये Limit to 1 response चालू करता येते, पण मग प्रत्येक विद्यार्थ्याला गूगल खात्याने प्रवेश करावा लागतो. सर्वांकडे खाते नसेल तर हजेरी क्रमांकाचा प्रश्न जोडून यादी पडताळणे हाच मार्ग राहतो.

निकाल जाहीर करण्याआधी D1 आणि D2 सारखे आहेत का आणि D2 वर्गाच्या पटापेक्षा जास्त तर नाही ना, एवढे पाहावे. दोन्ही जुळले तरच आलेखातला सर्वांत उंच स्तंभ वर्गाचा निर्णय म्हणून सांगावा.