खेळाच्या तासाची सूट : अर्जात काय लिहावं?

ऱ्हुमॅटिक तापात सांधे लवकर सुधारतात, मूल धावू लागतं आणि शाळेला ते बरं झालेलं दिसतं. हृदयाच्या झडपांची सूज मात्र रेंगाळू शकते. म्हणून मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करताना नुसतं ‘आजारी आहे’ पुरत नाही. सहावीतल्या अशा मुलासाठी लिहावं : ‘हृदयाला सूज असल्याने धावणे, कबड्डी व कवायत पुढील तपासणीपर्यंत बंद; वर्गात बसण्यास हरकत नाही.’ सोबत डॉक्टरांचा दाखला, त्यावर तपासणीची तारीख. पेनिसिलिनचं इंजेक्शन दर ३-४ आठवड्यांनी असतं. त्या दिवसांची रजाही याच अर्जात मागावी. आणखी एक ओळ वर्गशिक्षकांसाठी : घसा दुखला किंवा धाप लागली, तर लगेच घरी कळवा. खेळाची सूट संपली तरी इंजेक्शनं पुढे काही वर्षं चालूच राहतात.