काउंटरवरच्या क्यूआर कोडच्या पलीकडे

किराणा दुकानाच्या काउंटरवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. पैसे जमा झाले की शेजारचा साउंडबॉक्स रक्कम मोठ्यानं सांगतो. पण खणात उधारीची वही असते आणि माल किती उरला, हे फळीकडे पाहूनच कळतं. या दुकानाला डिजिटल म्हणायचं का?

छोट्या दुकानांवर एमबीएचा प्रबंध करणाऱ्या विद्यार्थ्यानं प्रस्तावातच याचं उत्तर द्यायला हवं. ‘डिजिटल वापराचा अभ्यास करणे’ हे उद्दिष्ट फारच मोघम झालं. २०१६ मध्ये यूपीआय आलं, नोटाबंदी झाली, पुढं क्यूआर कोड गल्लोगल्ली पोचला; नुसता तो मोजून नवं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा पैसे घेणं, उधारी लिहिणं, मालाचा हिशेब ठेवणं आणि घाऊक व्यापाऱ्याला पैसे देणं ही चार कामं वेगळी धरावीत. दुकानदार कुठल्या कामापर्यंत पोचला, कुठं अडला आणि का, ही झाली तपासता येणारी उद्दिष्टं.

खरी अडचण नमुन्याची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला नोंदणी लागत नाही, नुसती सूचना द्यावी लागते. त्यामुळे सरकारी यादीवर भिस्त ठेवता येत नाही. समजा, अभ्यास सांगलीचा आहे. मग निवडलेल्या प्रभागांत गल्लोगल्ली फिरून यादी स्वतःच करायची. ३६० दुकानं निघाली, तर दर तिसरं घेऊन १२० होतात. ओळखीचीच दुकानं गाठली, तर बोलके आणि हौशी दुकानदारच नमुन्यात येतात. १२० दुकानांच्या टक्केवारीत साधारण नऊ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. पाच टक्क्यांच्या अचूकतेला सुमारे ३८५ लागतील, ते एकट्याच्या आवाक्याबाहेरचं. ही मर्यादा प्रस्तावात स्पष्ट लिहावी.

वेळापत्रकही दुकानाच्या घड्याळावर बेतावं. पहिल्या आठवड्यात महिन्याच्या याद्यांची गर्दी, दुपारी शटर खाली. म्हणून १० तारखेनंतर, सकाळी ११ ते १ मध्ये रोज चार दुकानं धरली, तर कामाचे तीस दिवस, म्हणजे दोन महिने लागतात. दिवाळीचा हंगाम टाळून जानेवारी-फेब्रुवारी घ्यावेत. त्याआधी दहा दुकानांत प्रश्नावली तपासून पाहावी, नंतर आठ-दहा जणांशी सविस्तर बोलावं.

उलाढाल मात्र थेट विचारू नये. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळूरमध्ये काही दुकानांनी ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. अशी भीती मनात असलेला माणूस आकडा कमी सांगणार. ‘कालच्या शेवटच्या दहा गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी मोबाइलवरून पैसे दिले?’ असं विचारलं, तर उत्तर खरं मिळण्याची शक्यता वाढते. नकार देणाऱ्या दुकानांचीही नोंद ठेवावी. ती बहुतेक रोखीनं चालणारी निघाली, तर डिजिटल वापराचा आकडा फुगलेला आहे, हे त्यावरून कळतं.