त्वचेखालील गर्भनिरोधक कांडी : पहिल्या महिन्यांतील रक्तस्राव आणि फेरतपासणी

दोन अपत्यांमध्ये अंतर राखण्याची इच्छा असलेल्या स्त्रियांपुढे गोळ्या, तांबी आणि इंजेक्शन यांच्या जोडीला आता आणखी एक साधन उपलब्ध होत आहे. दंडाच्या त्वचेखाली बसविण्याची ही एक लहानशी कांडी असून वैद्यकीय परिभाषेत तिला 'इम्प्लांट' असे म्हणतात. असे साधन जगात प्रथम 1983 साली फिनलंडमध्ये मान्य झाले. त्या वेळी सहा बारीक नळ्या त्वचेखाली बसवाव्या लागत. आज प्रचलित असलेल्या प्रकारात एकच कांडी पुरते. भारत शासनाने 2023 मध्ये या साधनाचा राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने समावेश करण्यास प्रारंभ केला.

हे साधन अत्यंत परिणामकारक आहे. ते वापरणाऱ्या हजार स्त्रियांमध्ये वर्षाकाठी एखादीलाही क्वचितच गर्भ राहतो. असे असूनही काही स्त्रिया मुदतीपूर्वीच कांडी काढून घेतात आणि त्यामागील सर्वांत मोठे कारण म्हणजे पाळीत होणारा बदल. हा बदल का होतो, तो कितपत अपेक्षित आहे आणि कोणत्या वेळी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते, याची माहिती कांडी बसविण्यापूर्वीच मिळाली, तर निष्कारण भीती टळते आणि खऱ्या धोक्याकडे दुर्लक्षही होत नाही.

कांडी आणि तिचे कार्य

ही कांडी मऊ, लवचीक, सुमारे 4 सेंटिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड असते. जो हात कामासाठी कमी वापरला जातो, त्या हाताच्या दंडाच्या आतील बाजूस, त्वचेच्या लगत खाली ती बसवितात. जागा बधिर करून हे काम काही मिनिटांत होते व टाके घालावे लागत नाहीत. कांडीमध्ये एटोनोजेस्ट्रेल नावाचे 68 मिलिग्रॅम संप्रेरक असते. ते अल्प प्रमाणात रोज रक्तात मिसळते. त्यामुळे अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे थांबते आणि गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होऊन पुरुषबीजाचा मार्ग अडतो. आपल्याकडे ही कांडी तीन वर्षांसाठी बसविली जाते. मात्र स्त्रीची इच्छा असेल तेव्हा, त्याआधीही, ती काढता येते. काढल्यानंतर गर्भधारणेची क्षमता लवकरच पूर्ववत होते.

रक्तस्राव अनियमित का होतो?

नेहमीच्या मासिक चक्रात गर्भाशयाचे आतील अस्तर प्रथम जाड होते, पुढे दोन संप्रेरकांचे प्रमाण एकाच वेळी कमी होते आणि ते अस्तर ठराविक दिवशी रक्तावाटे बाहेर पडते. पाळीला नियमितपणा येतो तो या चढउतारामुळे. कांडी बसविल्यावर हा चढउतार राहत नाही. एकाच संप्रेरकाचा अल्प पण अखंड पुरवठा होत राहिल्याने अस्तर पातळ होते आणि त्यातील बारीक रक्तवाहिन्या नाजूक बनतात. त्या अधूनमधून, कोणत्याही दिवशी, थोड्याथोड्या पाझरतात. कपड्यावर डाग दिसतो तो यामुळे. हा स्राव जखमेचा नसतो, त्याचप्रमाणे तो कोणत्याही रोगाचे लक्षणही नसतो.

याच कारणामुळे काही स्त्रियांची पाळी अजिबात थांबते. अशा वेळी 'दूषित रक्त पोटात साचते' अशी समजूत घरोघरी आढळते. ती निराधार आहे. अस्तर जाड झालेलेच नसल्याने बाहेर पडण्यासारखे काही शिल्लक राहत नाही व म्हणून काही साचतही नाही.

या बदलांचे मोजमाप नव्वद दिवसांच्या कालखंडात केले जाते. अनेक देशांतील चाचण्यांचा एकत्र विचार करता, अशा नव्वद दिवसांत साधारणपणे पाचांपैकी एका स्त्रीला रक्तस्राव मुळीच होत नाही, तर तिघींपैकी एकीला तो नेहमीपेक्षा क्वचित होतो. सहांपैकी एकीला तो सलग चौदा दिवसांहून अधिक चालतो आणि पंधरांपैकी एकीला पाचांहून अधिक वेळा येतो. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांना कमी त्रास होतो, त्यांना पुढेही बहुधा कमीच होतो. ज्यांना प्रारंभी अधिक त्रास होतो, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या जणींचा त्रास नंतर कमी होतो. उरलेल्यांचा तो होईलच असे आश्वासन देता येत नाही आणि तसे ते देऊही नये.

नोंद कशी ठेवावी?

घरातील दिनदर्शिकेवर दोन खुणा केल्या तरी पुरेसे आहे. नुसता डाग पडला आणि घडी वापरावी लागली नाही, तर एक टिंब द्यावे. घडी किंवा पॅड वापरावे लागले, तर फुली करावी. अशा नोंदीचा उपयोग पुढील उदाहरणावरून लक्षात येईल.

समजा, सव्वीस वर्षांच्या, एक मूल असलेल्या स्त्रीने पाळीच्या तिसऱ्या दिवशी, 4 जानेवारीस, कांडी बसवून घेतली. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत ती बसविल्यामुळे अन्य साधनाची जोड द्यावी लागली नाही. पाळी 6 जानेवारीस संपली. पुढे 22 जानेवारीपासून अकरा दिवस केवळ डाग पडले. त्यानंतर 16 फेब्रुवारीस पुन्हा रक्तस्राव सुरू झाला व रोज दोन पॅड लागू लागले. नऊ दिवस उलटले तेव्हा घरात 'कांडी अंगाला मानवली नाही' असे बोलणे सुरू झाले. स्वयंपाकघर व देवघर यांपासून दूर राहावे लागल्याने तिचीही कुचंबणा होऊ लागली.

आठ दिवसांहून अधिक काळ रक्तस्राव राहिला म्हणून ती दिनदर्शिका घेऊन आरोग्य केंद्रात गेली. डॉक्टरांनी कांडी जागेवर आहे, हे बोटांनी चाचपून पाहिले. लघवीची तपासणी करून गर्भ नसल्याची खात्री केली. ताप, ओटीपोटात दुखणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव नाही, याची विचारपूस केली व रक्तातील हिमोग्लोबिन तपासले. ते थोडे कमी आढळल्याने लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि रक्तस्राव आटोक्यात आणण्यासाठी मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या जेवणानंतर घेण्यास पाच दिवसांपुरत्या दिल्या. रक्तस्राव थांबला. मार्चमध्ये 20 तारखेपासून चार दिवस डाग पडले, एवढेच.

नव्वदावा दिवस 3 एप्रिलला येतो. तोपर्यंतच्या खुणांची बेरीज सत्तावीस दिवस होते. हा आकडा ऐकताच मन धास्तावते. परंतु त्यांतील पंधरा दिवसांवर नुसते टिंब आहे, फुल्या बाराच आहेत. तिच्या पूर्वीच्या पाच दिवसांच्या तीन पाळ्यांत फुल्यांचे दिवस पंधरा झाले असते. दिवस वाढले, पण रक्त अधिक गेले असे नव्हे, हे नोंदीमुळेच स्पष्ट झाले. तरीही हा त्रास सोसणे शक्य नाही असे तिने ठरविले असते, तर कांडी काढून दुसरे साधन निवडण्याचा तिला पूर्ण अधिकार होता.

औषधांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. वरील गोळ्यांनी मिळणारा आराम तात्पुरता असतो. त्यांचा उपयोग झाला नाही, तर काही स्त्रियांना डॉक्टर एकवीस दिवसांपुरत्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या देतात, परंतु उच्च रक्तदाब किंवा अन्य काही विकार असणाऱ्यांना त्या चालत नाहीत. म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत. रक्तस्राव चालू असताना अ‍ॅस्पिरिन टाळावे.

फेरतपासणीस केव्हा जावे?

रक्तस्राव आठ दिवसांहून अधिक चालला, किंवा नेहमीच्या पाळीच्या दुप्पट होऊ लागला, तर त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. थकवा, धाप लागणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे ही रक्त कमी झाल्याची चिन्हे असू शकतात. समागमानंतर रक्त जाणे, किंवा अनेक महिने सर्व सुरळीत असताना अचानक रक्तस्राव सुरू होणे, याचे कारण कांडीव्यतिरिक्त अन्य असू शकते. गर्भाशयमुखाचा विकार, जंतुसंसर्ग किंवा गर्भधारणा यांचा शोध अशा वेळी घ्यावा लागतो. 'कांडीमुळेच होत असेल' असे म्हणून वाट पाहणे येथे हिताचे नाही.

पुढील प्रसंगी मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मोठे पॅड तासाभरात पूर्ण भिजणे आणि सलग दोन तास तसेच चालू राहणे. ओटीपोटात एका बाजूस तीव्र वेदना होऊन चक्कर येणे. रक्तस्रावाबरोबर ताप व दुर्गंधीयुक्त स्राव असणे. कांडी असताना गर्भ राहणे दुर्मीळ असले, तरी राहिलाच तर तो गर्भाशयाबाहेर असण्याची शक्यता लक्षात घ्यावी लागते. पोटदुखी व चक्कर यांना म्हणूनच महत्त्व आहे.

दंडाकडेही लक्ष असावे. कांडी बसविल्याबरोबर ती डॉक्टरांनी व स्त्रीने स्वतः बोटांनी चाचपून पाहावी आणि पुढेही अधूनमधून पाहत जावे. ती हाताला लागत नसेल, तर तिची जागा निश्चित होईपर्यंत निरोधसारखे दुसरे साधन वापरावे व तपासणीस जावे. जागा लाल होणे, पू येणे किंवा कांडीचे टोक बाहेर दिसणे हीदेखील तपासणीची कारणे होत.

क्षयरोगावरील रिफँपिसिन, फिट येण्याच्या विकारावरील फेनिटॉइन व कार्बमाझेपिन यांसारखी काही औषधे कांडीचा परिणाम घटवितात. अशी औषधे सुरू होत असल्यास कांडी असल्याचे डॉक्टरांना प्रथम सांगावे. त्याचप्रमाणे कांडी बसविण्यापूर्वीच कारण न समजलेला रक्तस्राव होत असेल, तर त्याचा उलगडा होईपर्यंत ती बसवू नये, कारण नंतर मूळ आजार कोणता आणि कांडीचा परिणाम कोणता, हे वेगळे करणे कठीण जाते.

कांडी बसविताना मिळालेल्या कार्डावर बसविल्याची तारीख, कोणता हात आणि काढण्याची तारीख नमूद केलेली असते. ते कार्ड व दिनदर्शिकेवरील नोंद फेरतपासणीस जाताना बरोबर न्यावी. ज्या केंद्रात कांडी बसविली तेथे जाणे शक्य नसल्यास, ती काढण्याचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर कोणत्या रुग्णालयात आहेत याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशा कार्यकर्तीकडे करावी.