श्वास संथ, अहवालात मात्र ताण

हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं बदलतं. हा बदल मोजणाऱ्या अहवालात LF/HF नावाचा एक आकडा असतो. तो वाढला की ताण वाढला, असं सर्रास सांगितलं जातं.

LF म्हणजे ०.०४ ते ०.१५ हर्ट्झमधले संथ चढउतार, तर HF म्हणजे ०.१५ ते ०.४ हर्ट्झमधले जलद. श्वासाबरोबर ठोके कमीजास्त होतात. मिनिटाला १५ श्वास म्हणजे ०.२५ हर्ट्झ, हा चढउतार HF मध्ये मोजला जातो. तोच माणूस शांत बसून मिनिटाला सहा श्वास घेऊ लागला, तर वारंवारता ०.१ हर्ट्झवर येते आणि चढउतार LF मध्ये जमा होतो. गुणोत्तर एकदम वाढतं. प्राणायाम करणारा निवांत माणूस कागदावर तणावग्रस्त!

मूळ गृहीतकच कच्चं आहे. LF हा ताण वाढवणाऱ्या सिम्पथेटिक मज्जासंस्थेचा निव्वळ आरसा नव्हे. त्यात रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया आणि विश्रांतीशी जोडलेली व्हेगस नसही सामील असते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉर्ज बिलमन यांनी २०१३ मध्ये हेच सविस्तर मांडलं.

असा अहवाल हाती आला, तर मोजणीच्या वेळी श्वासाचा वेग किती होता, हे आधी विचारा. ती नोंद नसेल, तर त्या गुणोत्तरावरून ताण ठरवू नका.