संप विमानसेवेचा, तिकीट आपलं

मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या दोनशेहून अधिक केबिन क्रूने ऐनवेळी आजारपणाची रजा टाकली आणि ८०हून जास्त उड्डाणं रद्द झाली. आखातात कामावर परतणारे कितीतरी लोक केरळच्या विमानतळांवर अडकले. कंपनीने सांगितलं होतं: घरातून निघण्याआधी स्टेटस बघा.

पण बघायचं काय? एरवी मी फ्लाइटरडारवर आपलं विमान आधीच्या शहरातून निघालंय का, ते पाहतो. अशा संपात हा आडाखा फसतो. विमान गेटवर उभं असतं, स्टेटस 'ऑन टाइम' असतं आणि क्रूच नसतो! म्हणून त्याच कंपनीची त्याच विमानतळावरून सकाळपासून किती उड्डाणं सुटली, ते बघा. ओळीने रद्द दिसली, तर आपलंही रद्द धरून चाला.

मग घाबरून तिकीट स्वतः रद्द करू नका. कॅन्सलेशन चार्ज कापला जाईल. कंपनीने उड्डाण रद्द केलं, तर पूर्ण परतावा किंवा पर्यायी उड्डाण मिळतं. वेगळी नुकसानभरपाई मात्र विसरा, कारण डीजीसीएच्या नियमांत संप 'असाधारण परिस्थिती'त मोडतो.

दरम्यान दुसऱ्या कंपन्यांच्या जागा बघून ठेवा. 'ऑपरेटेड बाय' ही ओळ नक्की वाचा; कोडशेअर असेल, तर नाव वेगळं आणि विमान संपवाल्यांचंच निघतं. जाणं अगदीच अटळ असेल, तर परतावा मिळणारं तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी.