चहा पिवळ्या फुलांचा, परिणाम गोळीवर

मागच्या लेखांकात ग्रेपफ्रूटचा रस पाहिला. तो औषध मोडणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून औषध रक्तात साठतं. हायपेरिकमची तऱ्हा नेमकी उलटी. पिवळ्या फुलांची ही युरोपातली वनस्पती. जर्मनीत तिला ‘योहानिसक्राउट’ म्हणतात. मन उदास असलं, झोप लागत नसली की तिचा चहा किंवा कॅप्सूल घ्यायची तिथे जुनी रीत आहे. चहाला डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही.

तिच्यातलं हायपरफोरिन यकृताच्या पेशींना परकी द्रव्यं आल्याचा इशारा देतं आणि पेशी ती मोडणारी विकरं जास्त बनवू लागतात. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन हेच करतं, फार जोरात. गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरकंही याच विकरांच्या तावडीत सापडतात.

समजा, नोकरीसाठी जर्मनीत गेलेली एक तरुणी रोज गोळी घेते आणि हिवाळ्यात ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा सुरू करते. पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही, कारण विकरं वाढायला दीड-दोन आठवडे लागतात. मग पाळीची तारीख नसताना डाग दिसू लागतात. २००३ सालच्या एका अभ्यासात १२ स्त्रियांना याच मात्रेत ही वनस्पती दिली होती. आधी दोघींना असा रक्तस्राव झाला होता, नंतर सात जणींना. पण डाग पडले नाहीत म्हणजे गोळी शाबूत, असं मात्र धरू नये. वनस्पती थांबवल्यावरही चार आठवडे कंडोम वापरायचा. तातडीची लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळीही या काळात कमी पडू शकते. कॉपर-टी संप्रेरकांवर चालत नाही, तिला धक्का लागत नाही.

मग नुसत्या चहाचं काय? हायपरफोरिन तेलकट आहे, पाण्यात फारसं उतरत नाही. त्यामुळे चहाचा परिणाम कॅप्सूलपेक्षा कमी. पण कपात नेमकं किती उतरलं ते घरी मोजता येत नाही. म्हणून गोळी चालू असताना चहाही नको, असं माझं मत.

नैराश्याच्या औषधांत दोन वेगळ्या गोष्टी घडतात. अमिट्रिप्टिलिनची रक्तातली पातळी सुमारे एक पंचमांशाने घटल्याचं आढळलं आहे. सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचा धोका निराळा: सेरोटोनिनचा परिणाम दुहेरी वाढतो. हात थरथरतात, घाम फुटतो, जुलाब होतात, अस्वस्थता वाढते, ताप येतो. असं झालं तर तडक दवाखाना गाठावा.

आणखी एक पेच कमी लोकांच्या लक्षात येतो. चहा-कॅप्सूल चालू असताना गुण येत नाही म्हणून डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन वाढवलं, आणि मग रुग्णाने वनस्पती आपली आपणच बंद केली, तर दोनेक आठवड्यांत विकरं पूर्वपदावर येतात आणि वाढवलेली मात्रा अंगावर येते. तोंड कोरडं पडतं, झापड येते, छातीत धडधडतं. बंद करतानाही डॉक्टरांना सांगायचं ते यासाठी.